ई-मेलच्या दोन वेळा

पूर्वी पोस्टाच्या लाल पेटीवर एक लहानशी पाटी असे. पेटी कोणत्या वेळी उघडली जाईल, ते तिच्यावर लिहिलेले असे. पोस्टमनची फेरीही ठरलेली असल्याने टपालाची वाट पाहणे दिवसाच्या एका कोपऱ्यात सामावून जाई. ई-मेलला अशी पाटी नाही. बँकेचे विवरण, प्रयोगशाळेचा अहवाल, परदेशातील मुलाचे पत्र, विम्याची सूचना आणि साडीच्या सेलची जाहिरात या साऱ्यांसाठी फोन एकाच सुरात वाजतो. ही पाटी आता आपली आपणच लावावी लागते. दिवसातून दोन ठरलेल्या वेळी टपाल निकाली काढायचे आणि मधल्या काळात पेटी बंद ठेवायची, हा तिचा सोपा अर्थ.

या विचाराला थोडा शास्त्रीय आधार आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील कोस्टादिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी 124 प्रौढांवर केलेला प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक आठवडा दिवसातून फक्त तीनदा ई-मेल पाहायचा आणि एक आठवडा हवा तितक्या वेळा पाहायचा, अशी त्याची रचना होती. मर्यादित आठवड्यात लोकांना रोजचा ताण कमी जाणवला. या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो दोन नव्हे तर तीन वेळांचा होता, तो केवळ वृद्धांवर केलेला नव्हता आणि त्यात रक्तदाबाच्या औषधाची मात्रा कमी झाली असे काही सिद्ध झालेले नाही. तेव्हा ही शिस्त औषधाच्या जागी नाही, औषधाच्या सोबतीला आहे. निवृत्त माणसाचे टपाल नोकरदारापेक्षा कमी असल्याने त्याला दोन वेळा पुरतात, हा माझ्या दवाखान्यातील अनुभव.

वेळा कोणत्या ठेवाव्यात? आपल्याकडच्या बहुतेक घरांना सकाळी दहा आणि सायंकाळी पाच या वेळा सोयीच्या पडतात, आणि त्याला कारणे आहेत. सकाळी दहापर्यंत न्याहारी आणि गोळ्या झालेल्या असतात, रक्तदाब मोजून झालेला असतो आणि बँका व दवाखाने उघडण्याच्या बेतात असतात. दहा वाजता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कचेरीतून त्याच दिवशी यायचे असेल, तर ते पाचपर्यंत बहुधा आलेले असते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर त्यांनी त्यांच्या दिवसभरात लिहिलेले सारे आपल्याला सकाळी दहाला एकत्र मिळते. आपण पाचला धाडलेले उत्तर त्यांच्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेसहाला पोहोचते. म्हणजे ते कामाला लागण्यापूर्वी पत्र त्यांच्या हाती असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाच वाजता बाहेर पडवत नाही. टपाल आटोपून ऊन उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाता येते, आणि तेव्हा मनात अर्धवट वाचलेले काही रेंगाळत नाही.

पहिले काम फोन गप्प करण्याचे. अँड्रॉइड फोनवरील Gmail मध्ये डावीकडच्या तीन रेघांतून Settings उघडावे, आपला पत्ता निवडावा आणि Notifications या ओळीत None ठेवावे. घंटी चालू ठेवून केवळ निश्चयावर दोन वेळा पाळणे फारच थोड्यांना जमते.

दुसरे काम साचलेल्या टपालाचे. हजारो जुनी पत्रे एकेक वाचायला बसू नये. घरातील कोणाच्या मदतीने संगणकावर Gmail उघडून शोधाच्या जागी ही ओळ लिहावी:

```
in:inbox older_than:30d
```

महिन्यापूर्वीची पत्रे समोर येतील. सगळी निवडून Archive दाबावे. याने काहीही नष्ट होत नाही. पत्रे समोरच्या पेटीतून कपाटात जातात आणि पाठवणाऱ्याचे नाव लिहून शोधल्यास पुन्हा सापडतात. मात्र ती जागा व्यापतच राहतात. Gmail, छायाचित्रे आणि साठवलेल्या फायली मिळून 15 जीबी जागा विनामूल्य असते. ती भरली की नवे पत्र आपल्याकडे येईनासे होते, म्हणून जुन्या जाहिराती मात्र पुसून टाकाव्यात.

आता खरी गोष्ट. पत्र पाहणे आणि पत्र निकाली काढणे यांत फरक आहे. पाहिलेले पत्र मनात राहते, निकाली काढलेले राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या पेटीतील एक सकाळ पाहू. वय एकाहत्तर, रक्तदाबाचा त्रास, पत्नीला मधुमेह, मुलगा न्यू जर्सीत. सकाळी दहाला अकरा पत्रे होती.

त्यांतील पाच जाहिराती होत्या. त्या न उघडता पुसल्या. त्यांतील दोन ओळखीच्या दुकानांच्या होत्या आणि रोज येत, म्हणून तेथे Unsubscribe दाबले. अनोळखी पत्रातील दुव्याला मात्र हात लावायचा नाही, ते सरळ Spam मध्ये टाकायचे. दोन पत्रे बँकेची होती. महिन्याच्या विवरणातील रकमा पासबुकाशी ताडल्या आणि पत्र कपाटात टाकले. कार्डाच्या देयकाची अंतिम तारीख डायरीत लिहिली आणि तेही कपाटात गेले. आठवे पत्र मुलाचे होते. दोन ओळींचे उत्तर पुरेसे असेल तर लगेच लिहावे, ऐसपैस लिहायचे असेल तर पाच वाजता, असा त्यांचा नियम आहे. नववे पत्र आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाचे होते, मुदत अठरा दिवसांनी संपत होती. त्यांनी डायरीत मुदतीच्या दहा दिवस आधीच्या पानावर नोंद केली. वार्षिक हप्ता चुकल्यास भरण्यासाठी सवलतीचे दिवस मिळतात खरे, पण त्या मधल्या दिवसांतील आजारपणाला सामान्यतः संरक्षण नसते, म्हणून नोंद मुदतीच्या दिवशी न करता आधीच्या पानावर हवी.

दहावे पत्र पत्नीच्या रक्ततपासणीचे होते. ते आदल्या रात्री नऊ वाजता आले होते. या एका पत्रासाठी मी ही शिस्त अनेकांना सांगतो. अहवालात ठरावीक मर्यादेच्या किंचित बाहेरचा आकडाही ठळक अक्षरांत छापला जातो. रात्री तो ठळक आकडा दिसला की घरात कोणी झोपत नाही आणि विचारायला डॉक्टर नसतो. सकाळी दहाला तोच अहवाल उघडला तर मागच्या अहवालाशी ताडता येतो आणि लगेच फोनही करता येतो. खरोखर धोक्याचा आकडा असेल तर चांगली प्रयोगशाळा ई-मेलवर विसंबत नाही, ती फोन करते. त्यासाठी तपासणीला जाताना योग्य फोन क्रमांक मात्र नोंदवायला हवा.

अकरावे पत्र म्हणाले, ‘आजच केवायसी करा, अन्यथा खाते बंद होईल.’ अशा पत्रांचे सारे बळ आपल्या घाईत असते. ठरलेल्या वेळी, चष्मा लावून, शांतपणे वाचणाऱ्याला पाठवणाऱ्याचा विचित्र पत्ता दिसतो. त्यांनी दुवा उघडला नाही, बँकेत फोन करून खात्री केली. साऱ्याला वीस मिनिटे लागली आणि पेटी रिकामी झाली.

या पद्धतीच्या सीमा स्पष्ट आहेत. एकदाच वापरायचा ओटीपी काही मिनिटांतच निरुपयोगी होतो, म्हणून तो आपण स्वतः मागवलेला असेल तेव्हा पेटी उघडावीच लागते. काम झाले की लगेच बंद करावी. छातीत दुखणे, धाप, एकाएकी हातपाय लुळे पडणे यांची वर्दी कोणालाही ई-मेलने देऊ नये, त्यासाठी 108 आणि शेजाऱ्याचे दार आहे. ‘तातडीचे असल्यास फोन करावा’ ही ओळ मुलांना आणि दवाखान्याला आधीच कळवलेली असावी. बँकेचे एसएमएस गप्प करू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकानुसार, आपली किंवा बँकेची चूक नसताना खात्यातून परस्पर पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत आपण कळवले, तर नुकसान आपल्यावर येत नाही. दिवसातून दोनदा पाहणारा या मुदतीत सहज बसतो, आठवड्यातून एकदा पाहणारा बसत नाही. फसवणूक झालीच तर बँकेसोबत 1930 या क्रमांकावरही तत्काळ कळवावे.

काळजीवाहकांसाठी एक सूचना. आई-वडिलांचा पासवर्ड आपल्याकडे घेण्याची गरज नाही. संगणकावरील Gmail मध्ये See all settings, मग Accounts and Import आणि तेथे Grant access to your account असा मार्ग आहे. त्याने मुलगी स्वतःच्या खात्यातून वडिलांचे टपाल पाहू शकते, उत्तर देऊ शकते, पण त्यांचा पासवर्ड बदलू शकत नाही. मात्र तिला सारीच पत्रे दिसतात, ओटीपीचीसुद्धा, म्हणून ही मुभा वडिलांच्या संमतीने आणि पूर्ण विश्वासाच्या एकाच व्यक्तीला द्यावी. दोघांनी एकाच वेळी उत्तरे देऊ लागण्याचा गोंधळ टाळण्यासाठी सकाळ वडिलांची आणि सायंकाळ मुलीची, अशी वाटणी करता येते.

शिस्त बिघडते आहे हे कसे ओळखावे? तेच पत्र तिसऱ्यांदा उघडले जात असेल, तर त्यावरचा निर्णय टळतो आहे. त्याला डायरीत तारीख द्यावी. बैठक रोज अर्ध्या तासाच्या पुढे जात असेल, तर जाहिराती पुरेशा बंद झालेल्या नाहीत. अपेक्षित अहवाल आला नाही असे वाटले, तर Spam पाहावे. तेथील पत्रे तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात, म्हणून दर रविवारी एकदा तिकडे डोकावणे बरे. आणि रात्री झोपण्यापूर्वी हात आपोआप फोनकडे जात असेल, तर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. काही तातडीचे असेल तर त्याची घंटी तेथूनही ऐकू येते.