अर्धशिशीची वही : गोळ्या नव्हे, गोळीचे दिवस मोजा

सिव्हिलच्या ओपीडीत डॉक्टरांपुढे चुरगळलेली वही ठेवली, तर ती चाळायला त्यांना वेळ नसतो. त्यांना एक पान लागते. आमच्या वस्तीतल्या एका धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या एप्रिलच्या नोंदी आम्ही त्यांच्यासोबत बसून लावल्या. काही कॅलेंडरवर होत्या, काही मुलाच्या वहीत, काही किराणाच्या बिलामागे.

एकूण १७ नोंदी निघाल्या. पण मंगळवारी संध्याकाळी सुरू झालेले दुखणे गुरुवारी सकाळी थांबले, तर ते एकच दुखणे. तसे जोडत गेल्यावर सहा झटके उरले, आणि डोके दुखल्याचे दिवस भरले १३. प्रत्येक झटक्याला एक ओळ दिली: कधी सुरू झाला, कधी थांबला, किती दुखले, कोणती गोळी किती वाजता घेतली. ‘फार दुखले’ यावरून काही कळत नाही. म्हणून काम चालू राहिले तर १, काम अडले तर २, अंथरूण धरले तर ३.

कारणाच्या रकान्यात ताईंनी सगळीकडे ‘ऊन’ लिहिले होते. एप्रिलमध्ये नाशिकला ऊन रोजच असते! १४ एप्रिलला त्या जयंतीच्या तयारीत दिवसभर उन्हातच होत्या, दुपारी वेळेवर जेवल्या, डोके दुखले नाही. सहापैकी चार झटके मात्र सकाळी उपाशी निघून तीन वाजता जेवल्याच्या दिवशी आले, दोन पाळीच्या आदल्या दिवशी. म्हणून न दुखलेल्या दिवशीही जेवण, झोप आणि पाळी लिहावी, नाहीतर तुलना कशाशी करणार? एका महिन्यावरून हा अंदाजच समजावा.

आमच्या मते सगळ्यात मोलाचा रकाना गोळीचा. ताईंनी २२ गोळ्या घेतल्या होत्या, पण डॉक्टरांना हवा असतो गोळी घेतल्याच्या दिवसांचा आकडा. तो १२ निघाला. फेब्रुवारी-मार्चच्या कॅलेंडरवरही तसाच होता. दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यात १० किंवा अधिक दिवस घेतली, तर त्या गोळीमुळेच डोके वारंवार दुखू लागू शकते. नुसत्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा १५ दिवसांची आहे. ताई त्या रेषेवर आल्या होत्या, आणि सतरा सुट्या नोंदींत हे कुणालाच दिसले नसते. दुकानातून सुटी गोळी घेतली तर नाव राहत नाही, म्हणून पाकिटाचा नाव असलेला तुकडा वहीत चिकटवावा. आकडा जास्त दिसला म्हणून गोळी मनाने बंद करू नये. कशी सोडायची ते डॉक्टर ठरवतील.

अचानक, आयुष्यात कधी नव्हते इतके दुखले, एक हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा तापासोबत मान आखडली, तर वही राहू द्या, लगेच दवाखाना गाठा.

ताईंच्या पानावर सर्वात वर आम्ही एवढेच लिहिले: दुखल्याचे दिवस १३, झटके ६, तीव्रता ३ चे झटके ४, गोळीचे दिवस १२. सहा ओळींचा तक्ता त्याखाली.