मिठाच्या पुडीवर तारीख लिहा

रक्तदाब वाढलेला निघाला की डॉक्टर गोळी लिहून देतात आणि सांगतात, ‘मीठ कमी करा.’ आधी किती खात होतात आणि आता किती खायचं, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. मग घरात अब्बूंसाठी वेगळ्या छोट्या भांड्यात फिकं सालन शिजतं. आठ-दहा दिवस ते निमूटपणे खातात. अकराव्या दिवशी ताटात लोणच्याची फोड येते, बाराव्या दिवशी पापड. महिन्याभराने पुन्हा रक्तदाब मोजला तर आकडा तिथेच असतो आणि सगळे म्हणतात, ‘मीठ सोडूनही काही फरक पडला नाही.’

माझं म्हणणं असं की मीठ कमी करायचं ते रुग्णाच्या ताटात नाही, घराच्या डब्यात. आणि मोजल्याशिवाय ते कमी होत नाही.

मिठाने दाब का वाढतो ते आधी पाहू. शरीर रक्तातल्या सोडियमचं प्रमाण ठरावीक राखतं. जास्त मीठ पोटात गेलं की तहान लागते, आपण पाणी पितो आणि मूत्रपिंडं ते काही काळ धरून ठेवतात. तेवढ्याच रक्तवाहिन्यांतून आता जास्त द्रव वाहतं. जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मूत्रपिंडांना दाबाचाच आधार लागतो, म्हणून शरीर दाब वाढवून काम भागवतं. तरुण, निरोगी माणसात हे फारसं जाणवत नाही. वय वाढलेलं असेल, मधुमेह असेल, मूत्रपिंडं थकली असतील तर त्याच मिठाला जास्त दाब द्यावा लागतो, आणि रोजच्या रोज हे घडलं की रक्तवाहिन्या कडक होत जातात. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी मीठ निम्म्यावर आणलं तर वरचा आकडा सरासरी पाच-एक अंकांनी उतरतो. गोळी त्यामुळे आपल्या मनाने बंद करायची नसते, पण त्याच गोळीचं काम सोपं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यात भाजीतलं, पोळीतलं, लोणच्यातलं, फरसाणातलं सगळं आलं.

आपलं घर किती खातं हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. मिठाची नवी पुडी फोडली की तिच्यावर पेनने तारीख लिहायची आणि संपली की दुसरी. आमच्या घरात आम्ही चार मोठी माणसं. एक किलोची पुडी तीस दिवसांत संपली. हजार ग्रॅम भागिले तीस, भागिले चार, म्हणजे माणशी रोज सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास. हिशेब अगदी काटेकोर नाही. बिर्याणीचा तांदूळ उकळताना घातलेल्या मिठातलं बरंचसं गाळलेल्या पाण्यासोबत जातं, पाहुणे येतात, आणि दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खाल्लेलं या पुडीत येतच नाही. पण चढ-उतार कळायला एवढं पुरेसं आहे. चार माणसांत पुडी पन्नास दिवस पुरली तर माणशी ५ ग्रॅम, तेही बाहेरचं काही न खाता.

कमी कसं केलं? पहिल्यांदा डब्यातला नेहमीचा चमचा काढून मापाचा अर्धा चमचा ठेवला. अम्मीच्या हाताचा ‘एक चमचा’ शीग लावलेला असायचा, म्हणजे सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट. कणकेतलं आणि साध्या भातातलं मीठ पूर्ण बंद केलं, कारण दोन्ही खारट सालनाबरोबरच खाल्लं जातं. आठवड्याभरात कुणाला आठवणही राहिली नाही. सालनातलं मीठ मात्र एकदम कमी केलं तर घरात बंड होतं. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडंसं, साधारण दहावा भाग कमी करावं. जिभेला तेवढा वेळ लागतो. खिम्यात शेवटी लिंबू, माशाच्या सालनात एखादं कोकम जास्त, डाळीत भाजलेलं जिरं आणि लसूण. आंबटपणा असला की मिठाची उणीव कमी भासते. (खारट झालेल्या रश्श्यात बटाटा टाकण्याचा उपाय मला नेहमी गमतीचा वाटतो. बटाटा तो खारट रस्सा पितो आणि तो बटाटा आपणच खातो.)

चार महिन्यांनी पुडी पंचेचाळीस दिवसांवर गेली, माणशी साडेपाच ग्रॅम. अजून मर्यादेच्या वरच.

लोणच्याचा हिशेब वेगळा. एक किलो कैरीला दोनशे ग्रॅम मीठ, वर तेल-मसाला धरून दीड किलो लोणचं झालं, तर मसाल्यासकट १५ ग्रॅमच्या फोडीत २ ग्रॅम मीठ येतं. दिवसाच्या मर्यादेचे पाचात दोन भाग एका फोडीत. पण म्हणून वर्षाच्या बरणीत मीठ कमी घालू नये, कारण तिथे मीठ चवीसाठी नसून लोणचं टिकवण्यासाठी असतं. कमी पडलं की वर पांढरी बुरशी धरते, फेस येतो, वास बदलतो, आणि असं लोणचं वरचा थर काढूनही खाऊ नये. त्यापेक्षा पाव किलो कैरीला दोन सपाट चमचे मीठ घालून ताजं लोणचं करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि आठवड्यात संपवावं. तेवढ्याच फोडीत मग अर्धा ग्रॅम मीठ येतं. रमजानमध्ये सहरीला तर लोणचं-पापड टाळलेलेच बरे, दुपारची तहान वाढते. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि भज्यांत खायचा सोडा. चवीला खारट न लागणारं सोडियम तिथूनही येतं.

पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, तेही मागे बारीक अक्षरांत. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल आणि चहाबरोबर ५० ग्रॅम शेव संपली, तर ४०० गुणिले अडीच, म्हणजे १ ग्रॅम मीठ. कुठे आकडा १०० ग्रॅमचा असतो, कुठे ‘एका वाढणी’चा, आणि ती वाढणी कंपनीनेच २०-३० ग्रॅमची ठरवलेली असते. अर्धं पाकीट सहज संपवणाऱ्या माणसासाठी हा आकडा फसवाच आहे. १०० ग्रॅममागचं मीठ, सोडियम नव्हे, पुढच्या बाजूला ठळक छापणं सक्तीचं व्हावं असं मला ठामपणे वाटतं. बाजारातल्या रांगेत उभं राहून गुणाकार कोण करणार?

सैंधव आणि काळं मीठही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, शिवाय त्यात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं. ‘लो सोडियम’ मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधल्या सहाशे गावांत अशा मिठाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले आणि पक्षाघाताचं प्रमाण घटलेलं दिसलं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी गोळी चालू असेल, तर रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. आपल्याकडे रक्तदाबाच्या कितीतरी रुग्णांना याच गोळ्या असतात, म्हणून ते पाकीट घरी आणण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.