मोरीच्या मटणात मटण नसतं!

मालवणातल्या खानावळवाल्यांनी मेनू कार्डावर मराठीसोबत इंग्रजी घातलं, हे बरंच केलं. पण काही जण नुसतं शब्दाला शब्द लावून मोकळे होतात आणि तिथंच घोळ होतो.

'मोरीचं मटण' घ्या. आपल्याला ठाऊक आहे, मोरी म्हणजे लहान शार्क मासा. कार्डावर 'मोरी मटण' छापलं की बाहेरचा पाहुणा बोकडाचं समजून मागवतो. ज्याला माशाची अ‍ॅलर्जी आहे, त्याच्यासाठी ही थट्टा नाही. उलट नुसतं 'शार्क करी' लिहिलं, तर पाहुण्याला पुढच्या खानावळीत मोरी मागता येणार नाही.

माझं म्हणणं सोपं आहे. नावाचं भाषांतर करूच नका. वर मराठी नाव, खाली तेच रोमन अक्षरांत आणि त्याखाली एका ओळीत इंग्रजी खुलासा: मुख्य जिन्नस काय, शिजवलंय कसं, सोबत काय. मोरीखाली लिहा, 'लहान शार्कचा तिखट रस्सा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. बोकडाचं मांस नाही'. कोंबडी-वड्यांना 'चिकन वडा' म्हणू नका. 'कोंबडीचा रस्सा, सोबत तांदूळ-उडदाच्या पिठाचे तळलेले वडे' म्हणा. तिसऱ्यांखाली 'शिंपल्या' हा खुलासा हवाच.

छापण्याआधी कार्ड मालवणी कधी न खाल्लेल्या माणसाला द्या. फक्त इंग्रजी वाचून ताटात काय येईल, ते त्याला विचारा. तो जिथं चुकेल, ती ओळ बदला. कार्ड पुन्हा छापण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, काय म्हणता?