तज्ज्ञांचा मान ठेवा, पण ठरवलं कुणी तेही विचारा

नोटाबंदीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "सुप्रीम कोर्टाने तर ती योग्य ठरवली." मित्रांनो, कोर्टाने एवढंही म्हटलेलं नाही. २ जानेवारी २०२३ ला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ती कायदेशीर ठरवली. तिचे उद्देश साध्य झाले की नाही, हा प्रश्न त्यांनी गैरलागू मानला. आर्थिक धोरण तज्ज्ञांचं क्षेत्र आहे, तिथे कोर्टाने आपलं मत लादू नये, असं त्यामागचं तत्त्व.

तत्त्व चुकीचं नाही. व्याजदर किती असावा हे न्यायाधीशांनी ठरवू नये. पण तज्ज्ञांनी खरंच ठरवलं का, हा प्रश्न अर्थशास्त्राचा नाही, कायद्याचा आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६(२) नुसार नोटा रद्द करायला बँकेच्या केंद्रीय मंडळाची शिफारस लागते. इथे ७ नोव्हेंबर २०१६ ला सरकारनेच बँकेला पत्र लिहून ही सूचना केली. दुसऱ्या दिवशी मंडळाने शिफारस दिली आणि त्याच रात्री आठ वाजता घोषणा झाली. पुढे माहिती अधिकारात बाहेर आलेल्या इतिवृत्तात तर मंडळाचा शेरा आहे की बहुतांश काळा पैसा रोकड स्वरूपात नाही, सोनं आणि जमीनजुमल्यात आहे. म्हणजे मुख्य मुद्द्यावर तज्ज्ञांचं मत वेगळंच होतं.

बहुमताचं उत्तर असं की सरकार आणि बँक यांच्यात सहा महिने विचारविनिमय चालू होता. पण विचारविनिमय म्हणजे शिफारस नव्हे. माझ्या कामात कोड लिहिणाऱ्यानेच दुसऱ्याच्या नावाने मंजुरी मिळवली, तर त्याला आम्ही तपासणी म्हणत नाही. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्नमतात नेमकं हेच धरलं: प्रस्ताव सरकारकडून आला, बँकेने स्वतंत्र विचार केल्याचं दिसत नाही, हे संसदेने कायदा करून करायला हवं होतं.

दुसरा मुद्दा आपल्या जिल्ह्याचा. १४ नोव्हेंबर २०१६ ला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. बाकीच्या बँका मात्र त्या घेत राहिल्या. इंदापूर, जुन्नरच्या ज्या शेतकऱ्याचं खातं फक्त जिल्हा बँकेत होतं, त्याने काय करायचं? हा भेदभाव आहे का, हा प्रश्न डिसेंबर २०१६ मध्ये घटनापीठाकडे पाठवलेल्या नऊ प्रश्नांत होता. २०२३ च्या निकालातल्या सहा प्रश्नांत तो नाही. समानता तपासायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, संविधानाचा अनुच्छेद १४ पुरतो.

म्हणून पुढे कुठल्याही धोरणाला आव्हान देताना "हे धोरण वाईट आहे" एवढ्यावर थांबू नका. तिथे कोर्ट हात झटकणारच. शिफारस कुणाची, किती तारखेची, इतिवृत्त कुठे आहे आणि कुणाला वगळलं, हे विचारा. या प्रश्नांवर "आम्ही तज्ज्ञ नाही" हे उत्तर चालत नाही.