फॉरमॅट मारण्याआधी

मे 2025 मधला एक शनिवार. गोखिवऱ्यात उकाडा एवढा की तुंगारेश्वरचा डोंगरसुद्धा घामेजल्यासारखा दिसत होता. मी दुपारच्या झोपेची तयारी करत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचा मुलगा. बारावी नुकतीच झालेली, सुट्टी, म्हणजे दिवसरात्र गेम.

"दादा, पीसी गेला. दुकानवाला म्हणतो कार्ड उडालंय. नाहीतर फॉरमॅट मारावा लागेल."

मी खाली गेलो तर काका चिंतेत. त्यांचा इथेच इंडस्ट्रीयल एरियात छोटा गाळा आहे आणि गाळ्याचा सगळा हिशोब, टॅलीचा तीन वर्षांचा डेटा, ह्याच मशीनवर. बॅकअप? "आहे ना, त्यातच आहे," काका म्हणाले. म्हणजे सी ड्राइव्हवरचा डेटा त्याच सी ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरमध्ये. तर एका बाजूला नव्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला फॉरमॅट. आजचा लेख ह्या दोन्हींच्या मध्ये जो तिसरा रस्ता आहे त्यावर, आणि तो रस्ता लोक चुकीच्या वेळी आणि अर्धवट का घेतात त्यावर.

आधी काय झालं ते. शुक्रवारी रात्री गेमचं मोठं अपडेट आलं. शनिवारी सकाळी मॅच सुरू झाली की दोन मिनिटांत स्क्रीन काळी, आवाज मात्र चालूच, आणि मग गेम बंद होऊन डेस्कटॉप परत. हे लक्षण नीट पाहण्यासारखं आहे. आवाज चालू आहे आणि डेस्कटॉप परत येतोय, म्हणजे मशीन मेलेलं नाही. विंडोजने ग्राफिक्स ड्रायव्हरला काम दिलं, कार्डाकडून साधारण दोन सेकंदात उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने ड्रायव्हरला कान धरून पुन्हा उभं केलं. Event Viewer उघडून Windows Logs मधल्या System खाली पाहिलं तर सकाळच्या वेळेला ही ओळ तीनदा होती, 4101 क्रमांकाची:

```
Display driver nvlddmkm stopped responding and has successfully recovered.
```

ह्याउलट पंखे एकदम जोरात फिरून मशीन आपोआप रीस्टार्ट झालं असतं आणि लॉगमध्ये फक्त Kernel-Power 41 दिसलं असतं, तर मी आधी पॉवर सप्लायकडे पाहिलं असतं, ड्रायव्हरला हात लावला नसता.

"पण काल तर चालत होता ना," हे प्रत्येकजण म्हणतो. खरंय, पण गेम स्वतः चित्र काढत नाही. तो ड्रायव्हरला सांगतो आणि ड्रायव्हर ते कार्डाच्या भाषेत भाषांतर करून देतो. अपडेट आलं की शेडर बदलतात, आधी भाषांतर करून ठेवलेली कॅश बाद होते, सगळं नव्याने भाषांतर होतं, आणि ड्रायव्हरच्या ज्या कोपऱ्यात हा गेम आजवर कधी गेलाच नव्हता तिथे तो पहिल्यांदा जातो. म्हणजे काल चालत होता ह्यावरून ड्रायव्हर नवं काम पेलेल असं काही सिद्ध होत नाही.

ह्या मुलाच्या मशीनवर (आरटीएक्स 3060, एकदम धडधाकट कार्ड) शुक्रवारी 560.94 हा ऑगस्ट 2024 चा ड्रायव्हर होता. अपडेटच्या नोट्स मी मागवल्या. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की किमान 566 च्या मालिकेतला ड्रायव्हर हवा. त्या नोट्स ह्याने वाचल्या नव्हत्या. तुम्ही-आम्ही तरी कुठे वाचतो म्हणा! म्हणजे शनिवारी सकाळी नवा ड्रायव्हर नेहमीसारखा जुन्याच्या वरून टाकला असता तरी बहुतेक भागलं असतं. साफसफाईची गरज तेव्हा नव्हती. ती नंतर निर्माण केली गेली.

कशी, ते ऐका. पठ्ठ्याने कुठेतरी "क्लीन रीइन्स्टॉल करा" असं वाचलं आणि Device Manager मध्ये जाऊन Uninstall device केलं, वर "Attempt to remove the driver for this device" ह्या चौकोनात टिक. रीस्टार्ट केल्यावर स्क्रीन छान दिसली, रेझोल्यूशनही बरोबर. त्याला वाटलं, झालं क्लीन. प्रत्यक्षात काय झालं? विंडोज प्रत्येक ड्रायव्हरची एक प्रत DriverStore नावाच्या कोठारात ठेवते. टिक केल्यामुळे 560.94 ची प्रत गेली, आणि विंडोजने कोठारात खाली पडलेली 2023 मधली 536.99 ची प्रत उचलून बसवली. इंटरनेटचीही गरज लागली नाही. कांद्याचं एक साल काढलं, खालचं जुनं साल वर आलं. गेम आता मेनूपर्यंतही पोचेना.

कोठारात काय आहे हे विंडोज 11 वर एका ओळीत दिसतं:

```
pnputil /enum-drivers /class Display
```

ह्यात आवृत्ती जरा वेगळी दिसते, उदाहरणार्थ 31.0.15.3699. त्यातले शेवटचे पाच आकडे घ्यायचे, 5 सोडून 3699 नव्हे हं, शेवटचे पाच: 53699, म्हणजे 536.99. हे एवढं माहीत असलं की "मी लेटेस्ट टाकलंय" ह्या वाक्याची शहानिशा दहा सेकंदात होते. (कोठारात जुन्या प्रती असणं हा स्वतःमध्ये रोग नाही, त्या कुणाला चावत नाहीत. आपण काढलं काय आणि बसलं काय हे न बघणं, हा रोग.)

मग त्याने 576.02 चा इन्स्टॉलर डाउनलोड करून चालवला, आणि निम्म्यावर असताना वीज गेली. मे महिना, गोखिवरे, दुपार. नवीन काही नाही. घरात इन्व्हर्टर आहे, पण पीसी त्यावर नाही. वीज आल्यावर Device Manager मध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण, Code 43, आणि डेस्कटॉपच थोड्या थोड्या वेळाने काळा होऊन परत येतोय. ह्या अवस्थेत दुकानदाराला फोनवरून कुणी वर्णन सांगितलं तर तो कार्ड उडालं असंच म्हणणार. मी त्याला दोष देत नाही.

आता मात्र मुळापासून साफसफाई करण्याला अर्थ होता. अर्धा एक ड्रायव्हर, अर्धा दुसरा, आणि कुठली फाइल कुणाची हे कुणालाच माहीत नाही. माझं मत असं की क्लीन रीइन्स्टॉल हे नेमकं ह्याच आजाराचं औषध आहे: बसवणं अर्धवट राहिलं, कार्डाची कंपनी बदलली, किंवा वरून टाकलेला योग्य ड्रायव्हरही चालेना. दर महिन्याला पोट साफ करायचं चूर्ण घेतल्यासारखं घेण्यात काही मतलब नाही.

पहिलं काम, टॅलीचा डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर. दुसरं काम, लागणारं सगळं आधीच डाउनलोड: डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, त्याच्या स्वतःच्या वॅग्नार्डसॉफ्टच्या साइटवरून, आणि ड्रायव्हरचा पूर्ण इन्स्टॉलर. ड्रायव्हर कुठला? मी 576.02 ऐवजी डिसेंबर 2024 चा 566.36 घेतला. 2025 च्या सुरुवातीला आरटीएक्स 50 मालिकेबरोबर आलेल्या ड्रायव्हरांवर काळ्या स्क्रीनच्या इतक्या तक्रारी होत्या की एनव्हिडियाला एकामागून एक दुरुस्त्या काढाव्या लागल्या, आणि जुन्या कार्डांवरचे कितीतरी लोक 566.36 वर परतले होते. गेमची किमान अट तो पूर्ण करत होता. नव्यात नवा तोच बरा, हा हट्ट कशाला?

तिसरं, आणि हे लोक विसरतात: विंडोजचा पासवर्ड. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही. शिवाय डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सेफ मोडमध्ये जाताना बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, पण कुठल्या अकाउंटमध्ये? काकांना आठवायला वीस मिनिटं लागली. हे आधी केलं म्हणून वीस मिनिटं. नंतर केलं असतं तर घाम फुटला असता.

मग पीसीची वायर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर, आणि इंटरनेटची वायर काढून बाजूला. हे दुसरं का? कारण जुना ड्रायव्हर गेला आणि रीस्टार्ट झाला की विंडोज अपडेटला रिकामी खुर्ची दिसते, आणि आपण इन्स्टॉलर उघडेपर्यंत ते स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर त्यात बसवायला लागतं. एकाच खुर्चीत दोघे बसले की पुन्हा पहिले पाढे.

Shift दाबून Restart, पुढे Troubleshoot, Advanced options, Startup Settings, आणि 4. सेफ मोड आला. इथे मी दहा मिनिटं काहीच केलं नाही, फक्त स्क्रीनकडे पाहत बसलो. मुलगा वैतागला. पण सेफ मोडमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर चालत नाही, विंडोजचा साधा चालतो. इथेही स्क्रीन लुकलुकली किंवा रंगीत ठिपके आले, तर वायर, मॉनिटर किंवा कार्ड, आणि पुढची सगळी साफसफाई फुकट. स्क्रीन स्थिर राहिली. ह्यावरून कार्ड पूर्ण भार पेलेल हे कळत नाही, पण "कार्ड उडालंय" हे खोटं एवढं कळतं. काकांचा चेहरा तिथेच निम्मा उजळला.

डीडीयूमध्ये GPU, मग NVIDIA, मग Clean and restart. मोठ्या मोठ्या आयकॉनचा बेढब डेस्कटॉप आला. इन्स्टॉलर चालवला, रीस्टार्ट केलं, आणि nvidia-smi टाइप करून पहिल्या ओळीत 566.36 दिसल्यावरच इंटरनेटची वायर परत लावली. सगळं मिळून पाऊण तास. फॉरमॅट मारला असता तर रविवारही गेला असता, आणि गंमत म्हणजे फॉरमॅटनंतरही ड्रायव्हर विंडोज अपडेटनेच आणून बसवला असता, तोही त्याच्या मर्जीचा.

गेम दोन तास चालला. काळी स्क्रीन नाही, 4101 ची नवी ओळ नाही. फक्त पहिल्या सुरुवातीला तो बराच अडखळला, कारण शेडर पुन्हा तयार होत होते. ते अपेक्षितच.

पण लुकलुक? ती राहिली! डेस्कटॉपवरची गेली, गेमच्या मेनूत आणि लोडिंगच्या वेळी मात्र उजेड कमीजास्त होत होता. मुलगा पुन्हा डीडीयू उघडायला निघाला, त्याला थांबवलं. मॉनिटर फ्रेमच्या वेगाप्रमाणे स्वतःचा रिफ्रेश रेट बदलणारा होता, आणि लोडिंगमध्ये फ्रेमचा वेग खालीवर उड्या मारतो तेव्हा अशा काही मॉनिटरांवर उजेडही डोलतो. NVIDIA Control Panel मध्ये G-SYNC बंद केलं, डोलणं थांबलं. ते ड्रायव्हर दहा वेळा पुसूनही थांबलं नसतं.

काकूंनी कोकम सरबत दिलं. काकांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातातून घेतला आणि देवाच्या कपाटात ठेवला. मुलगा म्हणाला, "दादा, आता तो टाइमआउटचा आकडा रजिस्ट्रीत दोनाचे दहा करू का? सगळे करतात." मी म्हटलं, नको रे, त्याने स्क्रीन काळी व्हायची थांबत नाही, फक्त आठ सेकंद जास्त गोठून राहते. त्याने मान डोलावली. केलं असेल की नाही, देव जाणे.