जमीन उरली नाही, की उरू दिली नाही?

रा. रा. संपादक महाशय,


आपल्या अग्रलेखाचा फोटो पळस्पे फाट्यावर या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतो आहे. फोटोत कडेच्या काही ओळी कापल्या गेल्या आहेत. म्हणून स्वच्छ वाचता येतो त्या मुख्य मुद्द्यालाच आम्ही उत्तर देतो. आपले म्हणणे असे की, मुंबईत आता जमीनच उरलेली नाही. तेव्हा गिरणी कामगारांनी मुंबईचा हट्ट सोडावा आणि जमीन आहे तिथे, पनवेल, शेलू, वांगणीकडे, मुकाट्याने घर घ्यावे.

संपादक महाशय, जमीन काही समुद्रात वाहून गेली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तेव्हा मुंबईत गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ साली मुंबईच्या विकास नियमावलीत ५८ वा नियम आला. त्याचा सरळ अर्थ असा घेतला गेला की, गिरणी पाडून नवे बांधकाम करायचे तर जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला.

२००१ साली सरकारने हा नियम बदलला. वाटे जमिनीचेच राहिले, पण फक्त मोकळ्या जमिनीचे! ज्या जमिनीवर साचेखाते, कातखाते, गोदाम उभे होते, ती जमीन शेड पाडल्यावरही वाटणीत धरायची नाही, असे ठरले.

याचा हिशेब कोणीही बोटावर करील. समजा, एक गिरणी १२ एकरांची आहे. १० एकरांवर शेड आणि २ एकर मोकळे. सगळी जमीन वाटली तर म्हाडाला ४ एकर, म्हणजे १६० गुंठे मिळतात. नुसती मोकळी वाटली तर मिळतात जेमतेम २७ गुंठे. आणि गिरणी म्हटली की बहुतेक जागेवर शेडच असणार! मोकळ्या अंगणात कुणी साचे लावतं का?

हे भांडण कोर्टात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने संपूर्ण जमिनीच्या वाटणीच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम केला. निकाल झाला तो झाला. पण त्यानंतर 'जमीन उरली नाही' असे म्हणणे म्हणजे ताट दुसऱ्याला वाढून झाल्यावर पंगतीतल्या माणसाला 'तुला भूकच फार' म्हणण्यासारखे आहे.

आम्ही अवाच्या सवा बोलत नाही. अर्ज सुमारे पावणेदोन लाख आहेत. पूर्ण तिसरा वाटा मिळाला असता तरी सगळ्यांची सोय मुंबईत झाली असती, असा आमचा दावा नाही. पण ६०० चा तिसरा हिस्सा २००. एकरी ३०० घरे धरली तरी ६० हजार घरे होतात. आजवर सोडती निघाल्या त्या सुमारे १६ हजार घरांच्या. मधला फरक कुठं गेला, हे आपल्या अग्रलेखात यायला हवं होतं.

आता लांबच्या घराची गोष्ट. ती आम्हांला पळस्प्यात बसून सांगावी लागत नाही, दिसते. शेजारच्या कोनला भाडेतत्त्वाच्या योजनेतली २,४१७ घरे कामगारांसाठी ठरली. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या मिळून एक घर, किंमत सहा लाख. डिसेंबर २०१६ मध्ये सोडत निघाली. २०२० मध्ये कोरोनाच्या विलगीकरणासाठी इमारती घेतल्या गेल्या. परत आल्या त्या मोडतोड होऊन. दुरुस्ती कुणी करायची यात वर्षे गेली आणि ताबा मिळू लागला तो २०२४ मध्ये. सोडतीच्या वेळी सत्तरीत असलेला कामगार तेव्हा अठ्ठ्याहत्तरीला टेकला होता. म्हणजे जमीन होती, इमारत उभी होती, तरी किल्लीला आठ वर्षे लागली. लांब गेले की घर लवकर मिळते, हा आपला दुसरा आधारही इथेच कोसळतो.

ज्याला शेलू-वांगणीचे घर हवे, त्याने ते खुशाल घ्यावे; त्याला आम्ही आडवे जाणार नाही. पण ते घेणे ही त्याची निवड असावी, मुंबईचा हक्क सोडल्याची पावती नव्हे. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानावर कामगार जमले ते मुंबईतल्या घरासाठीच.

आपल्याकडे एकच मागणे आहे. गिरणीगणिक एक तक्ता छापा: एकूण जमीन किती, मोकळी किती दाखवली, म्हाडाला किती मिळाली, तिच्यावर घरे किती झाली. तो तक्ता छापून झाल्यावर मग 'जमीन नाही' असा अग्रलेख पुन्हा लिहा. त्याचा फोटो आम्ही स्वतः चाळीचाळीत पोचवू.

आपले,
पळस्पे-कोन परिसरातील गिरणी कामगार व वारस