'मिनिमम ड्यू' भरलं म्हणजे बिल भरलं नाही!

परवा माझा मामेभाऊ म्हणाला, "दादा, वर्षभर एकही हप्ता चुकवला नाही, तरी कार्डाची बाकी वाढतेच कशी?" स्टेटमेंट मागवलं. बँकेने त्यात नियमबाह्य काहीच केलं नव्हतं. खरी चीड त्याचीच आली.

हिशोब सोपा आहे. बाकी ५०,००० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३१५ रुपये. झाले ५२,०६५. मिनिमम ड्यू याच्या पाच टक्के, म्हणजे साधारण २,६०३ रुपये. भाऊ ते वेळेवर भरतो आणि निश्चिंत होतो. पण त्यातले २,०६५ व्याज आणि करातच गेले. मूळ कर्ज कमी झालं फक्त ५३८ रुपयांनी!

असं वर्षभर केलं तर खिशातून सुमारे २९,५०० जातात आणि बाकी उरते जवळपास ४४,०००. तेही कार्ड पुन्हा एकदाही वापरलं नाही तर.

आणि खरी गोम इथेच आहे. जुनी बाकी शिल्लक असली की बिनव्याजी मुदत बंद होते. आज किराणा घेतला तर आजपासूनच व्याज. भाऊ दर महिन्याला ३,००० चा किराणा कार्डावर घेत होता. कर्ज उतरतं पाचशेने, चढतं तीन हजाराने. वर्षअखेर त्याने ४० हजारांहून जास्त भरले होते आणि बाकी होती सुमारे ७६,०००!

मिनिमम ड्यू भरल्याने लेट फी लागत नाही आणि खातं थकबाकीत जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. व्याज एक रुपयानेही थांबत नाही. फक्त किमान रक्कम भरली तर परतफेड कित्येक वर्षं लांबते, हा इशारा स्टेटमेंटवर छापायला रिझर्व्ह बँकेने लावलंय. पण तो बारीक अक्षरात, आणि 'मिनिमम ड्यू'चं बटण मात्र ठळक. ग्राहकाला शिस्त नाही म्हणणाऱ्यांनी आधी ही मांडणी बघावी. त्या बटणाशेजारी 'यातून मुद्दल इतकंच फिटेल' हा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरात का नको?

तोवर एवढं करा. स्टेटमेंटमध्ये फायनान्स चार्जेस आणि त्यावरचा जीएसटी शोधा. तुम्ही भरलेल्या रकमेतून ते वजा करा. उरलं तेवढंच कर्ज फिटलं. बाकी असेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा आणि रक्कम स्वतः ठरवा. वरच्याच ५०,००० वर महिन्याला ५,००० भरले तर चौदाव्या महिन्यात सुटका. तेही जमत नसेल तर कमी दराचं पर्सनल लोन काढून कार्ड एकदम फेडा.

भावाने काल कार्ड वहिनीकडे दिलं. पहिला हप्ता आठ हजारांचा भरला.